तुमचे फोटो लावून कुणी फेक अकाउंट काढलंय? तक्रारीचा योग्य क्रम आणि कामाला येणारा पुरावा

आपल्या नावाचं आणि आपले फोटो लावलेलं खोटं अकाउंट दिसलं, की कोल्हापुरात बहुतेक घरांत एकच गोष्ट होते. घरातला कुणीतरी ग्रुपवर लिंक टाकतो आणि खाली लिहितो, "सगळ्यांनी रिपोर्ट मारा." रात्रीपर्यंत पन्नास-साठ जण रिपोर्ट मारतात. सकाळी उत्तर येतं, की या अकाउंटने नियम मोडलेला नाही. मग लोक म्हणतात, कंपनी काही करतच नाही.

कंपनीकडून दिरंगाई होते, हे खरं आहे. पण माझ्याकडे आलेल्या बऱ्याच प्रकरणांत तक्रार चुकीच्या माणसाने, चुकीच्या कारणाखाली आणि पुरावा न जोडता केलेली होती. हाच क्रम नीट लावला तर काम बरंच लवकर होतं. इथे मी इन्स्टाग्राम धरून लिहितोय, कारण सध्या हा प्रकार तिथेच सर्वांत जास्त पाहतो. फेसबुकची पद्धत जवळपास तशीच आहे.

## टप्पा 1: आधी हात आवरा

खोटं अकाउंट दिसताच तीन गोष्टी टाळायच्या.

त्याला ब्लॉक करू नका. ब्लॉक केलंत की तुमच्या फोनवरून पुरावा गोळा करता येणार नाही.

त्याला मेसेज करू नका. "कोण आहेस तू? सायबरला देते" असं लिहिलं, की समोरचा बहुतेक वेळा दोनच गोष्टी करतो. एक तर तुम्हालाच ब्लॉक करतो, नाहीतर अकाउंटचं युजरनेम बदलतो. युजरनेम बदललं की तुम्ही जपून ठेवलेली प्रोफाइलची लिंक उघडत नाही.

आणि स्टोरीवर त्या अकाउंटची लिंक टाकून सगळ्यांना सावध करण्याची घाई करू नका. सावध करायचं आहेच, पण ते पुरावा घेतल्यानंतर. अर्धा-पाऊण तास थांबलात तरी चालतं.

याला अपवाद: त्या अकाउंटवरून कुणी पैसे पाठवून बसलं असेल तर थांबू नका. ज्याचे पैसे गेले त्याने लगेच 1930 या हेल्पलाइनवर फोन करायचा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते. फोन करताना यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक जवळ ठेवायचा.

## टप्पा 2: पुरावा गोळा करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. नुसत्या प्रोफाइलचा एक स्क्रीनशॉट म्हणजे पुरावा, असं बहुतेकांना वाटतं. तो लागतोच, पण त्यातून तीन गोष्टी कळत नाहीत: हे नेमकं कुठलं अकाउंट, फोटो आधी कुणाकडे होते आणि या अकाउंटने केलं काय.

कुठलं अकाउंट. युजरनेम एकेक अक्षर पाहून लिहून घ्या. खोटं अकाउंट काढणारे मुद्दाम एक जादा अंडरस्कोअर घालतात, किंवा इंग्रजी l च्या जागी 1 घालतात. डोळ्यांना फरक दिसत नाही आणि लोक स्वतःच्याच खऱ्या अकाउंटचं नाव तक्रारीत लिहून मोकळे होतात. म्हणून टाइप करू नका, प्रोफाइलची लिंक कॉपी करा.

त्यानंतर त्या अकाउंटवरच्या दोन-तीन पोस्टच्या लिंकही कॉपी करा. पोस्टची लिंक `instagram.com/p/` अशी सुरू होते आणि पुढे काही अक्षरं असतात. युजरनेम बदललं तरी पोस्टची ही लिंक बदलत नाही. समोरच्याने उद्या नाव बदललं तरी या लिंकवरून अकाउंट पुन्हा सापडतं. ही एवढी गोष्ट फार थोडे लोक करतात.

प्रोफाइलच्या वरच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत `About this account` असा पर्याय दिसला, तर तो उघडून त्याचाही स्क्रीनशॉट घ्या. अकाउंट कधी निघालं ते तिथे दिसतं, आणि काही अकाउंटना आधी किती वेळा नाव बदललं तेही. तुमचं अकाउंट 2017 चं आणि ते गेल्या महिन्यातलं, हे शेजारी शेजारी दिसलं की कोण खरं हे वेगळं सांगावं लागत नाही.

फोटो आधी कुणाकडे होते. खोट्या अकाउंटवरचे तीन-चार फोटो निवडा. प्रत्येकासाठी एक जोडी तयार करा: त्यांच्या पोस्टचा स्क्रीनशॉट आणि तोच फोटो तुमच्या अकाउंटवर आधीच्या तारखेने दिसणारा स्क्रीनशॉट. रंकाळ्यावर काढलेला फोटो तुम्ही दिवाळीत टाकला आणि त्यांनी तो फेब्रुवारीत टाकला, तर त्या दोन तारखा एकत्र दिसल्या पाहिजेत.

फोटो तुम्ही कधी टाकलाच नसेल, फक्त पाठवला असेल, तर फोनमधली मूळ फाइल शोधा. मूळ फाइलच्या माहितीत तारीख, वेळ आणि फोनचं मॉडेल असतं. तोच फोटो व्हॉट्सअॅपवरून साध्या फोटोसारखा पाठवला की ही माहिती निघून जाते. दुसऱ्याला द्यायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि मूळ फाइल आहे तिथेच ठेवा, कापाकापी करू नका.

अकाउंटने केलं काय. तुमच्या ओळखीच्या कुणाला त्या अकाउंटवरून मेसेज गेले असतील, तर त्या माणसाच्या फोनवरून पूर्ण चॅटचे स्क्रीनशॉट घ्या. वरचं युजरनेम आणि मेसेजची वेळ त्यात आली पाहिजे. पैसे मागितले असतील तर ज्या यूपीआय आयडीवर किंवा नंबरवर मागितले तो भाग सुटता कामा नये. चॅट घाणेरडी म्हणून लोक ती पुसून टाकतात. त्यांना आधीच सांगून ठेवा, की पुसू नका.

शेवटी एक स्क्रीन रेकॉर्डिंग करा. इन्स्टाग्राम उघडण्यापासून सुरुवात, सर्चमध्ये युजरनेम, प्रोफाइल, खाली सरकत फोटो, एक-दोन पोस्ट उघडून दाखवणं. दीड-दोन मिनिटं पुरतात. जमलं तर कॉम्प्युटरच्या ब्राउझरवरही तेच पान उघडून स्क्रीनशॉट घ्या, कारण तिथे वर पूर्ण पत्ता आणि कोपऱ्यात तारीख-वेळ दिसते.

तपासणी: तुमच्याकडे आता प्रोफाइलची लिंक, दोन-तीन पोस्टच्या लिंक, फोटोंच्या जोड्या, चॅट आणि रेकॉर्डिंग आहे का? हे सगळं एका फोल्डरमध्ये टाका आणि एक प्रत घरातल्या दुसऱ्या माणसाच्या फोनवर ठेवा. अकाउंट निघून गेल्यावर यातलं काहीच परत मिळवता येत नाही.

त्यांनी तुम्हाला ब्लॉक केलं असेल तर: हे हमखास होतं. अकाउंट तुमच्या मैत्रिणींना दिसतं, तुम्हाला नाही. अशा वेळी मैत्रिणीच्या फोनवरून वरचं सगळं गोळा करा. तक्रार मात्र तुम्हीच करायची, ती कशी ते टप्पा 4 मध्ये येईल.

## टप्पा 3: तक्रार कोणत्या प्रकारात बसते ते ठरवा

माझ्या अनुभवात सर्वांत जास्त तक्रारी इथे बाद होतात. खोट्या अकाउंटचे दोन प्रकार आहेत आणि त्यांना एकच उपाय लागू पडत नाही.

पहिल्या प्रकारात नाव तुमचं आणि फोटोही तुमचे. ही सरळ तोतयेगिरी. इथे तोतयेगिरीचा पर्यायच निवडायचा. स्पॅम, फसवणूक, छळ यातलं काही निवडलंत तर तपासणारा पोस्टमध्ये स्पॅम शोधतो, त्याला साधे फोटो दिसतात आणि तो तक्रार बंद करतो.

दुसऱ्या प्रकारात फोटो तुमचे, पण नाव भलतंच. राजारामपुरीतल्या मुलीचे फोटो आणि वर नाव दिल्लीकडच्या कुण्या मुलीचं, असं. इथे तोतयेगिरीची तक्रार बऱ्याचदा फेटाळली जाते, कारण ते अकाउंट "मी अमुक आहे" असं तुमचं नाव घेऊन सांगत नाही. तरीही ती एकदा करून पाहावी, आणि त्यासोबत कॉपीराइटची वेगळी तक्रार करावी.

कॉपीराइटचा मालक कोण, हे इथे नीट समजून घ्या. सेल्फी तुम्ही काढली, तर ती तुमची. मैत्रिणीने सहज काढून दिलेला फोटो कायद्याने मैत्रिणीचा धरला जातो, मग त्यात चेहरा तुमचा असला तरी. तिथे तक्रार तिने करायची. लग्नात किंवा स्टुडिओत पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंबद्दल 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 सांगतं, की वेगळा करार नसेल तर ज्याने मोबदला देऊन फोटो काढून घेतला तोच पहिला मालक. म्हणून तक्रारीसाठी शक्यतो सेल्फीच निवडा, वाद उरत नाही.

सावधान: कॉपीराइटच्या तक्रारीत दिलेलं तुमचं नाव आणि ईमेल समोरच्याला कळवला जाऊ शकतो. समोरचा त्रास देणारा, पाठलाग करणारा असेल तर ही वाट टाळा, किंवा फक्त याच कामासाठी वेगळा ईमेल काढा.

## टप्पा 4: तक्रार करा, आधी अॅपमधून, मग फॉर्मवरून

अॅपमधली तक्रार तुमच्या खऱ्या अकाउंटवरून करायची. खोटी प्रोफाइल उघडा, तीन ठिपके, `Report`, मग पूर्ण अकाउंटची तक्रार असा पर्याय. एखाद्या पोस्टची नाही, अकाउंटची. कारणांच्या यादीत `pretending to be someone else` अशा अर्थाचा पर्याय येतो, तो निवडा आणि कुणाची तोतयेगिरी असं विचारल्यावर `Me`. पर्यायांचे शब्द अधूनमधून बदलतात, पण हे दोन प्रश्न असतातच.

पन्नास जणांच्या रिपोर्टचं काय? रिपोर्ट किती आले यावर निर्णय होत नाही, असं कंपनी स्वतः सांगते. ज्याची तोतयेगिरी झाली त्या माणसाची एक नीट तक्रार जास्त वजनाची असते. मित्रमंडळींना मदत करायचीच असेल तर त्यांनी स्पॅमऐवजी तोतयेगिरीच निवडावी आणि खरं अकाउंट म्हणून तुमचं नाव दाखवावं.

आता फॉर्म. तुम्हाला ब्लॉक केलं असेल, तुमचं इन्स्टाग्रामवर अकाउंटच नसेल, किंवा अॅपमधली तक्रार फेटाळली असेल, तर हाच मार्ग:

```
help.instagram.com/contact/636276399721841
```

इथे नाव, ईमेल, खोटं युजरनेम आणि सरकारी ओळखपत्राचा फोटो मागतात. लहान मुलाच्या बाबतीत आई-वडील तक्रार करू शकतात. शेजारी, मामा, मित्र यांनी तुमच्या वतीने भरलेल्या फॉर्मला उत्तर न येण्याचीच शक्यता जास्त.

ओळखपत्राचं मी एक प्रकरण सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे अडचण तिथेच येते.

शाहूपुरीतली एक ताई. लग्नाआधी काढलेलं इन्स्टाग्राम अकाउंट, त्यावर माहेरचं आडनाव. आधार कार्डावर लग्नानंतरचं नाव आणि आडनाव. खोटं अकाउंट माहेरच्या नावाने निघालेलं. तिच्या कॉलेजच्या मैत्रिणीचा फोन आला, "अगं, तुझ्या नावानं कोण पाच हजार मागायलंय बघ." ताईने फॉर्म भरला, आधार जोडलं आणि तक्रार फेटाळली गेली. कारण उघड होतं: ओळखपत्रावरचं नाव खोट्या अकाउंटवरच्या नावाशी जुळत नव्हतं.

दुसऱ्यांदा आम्ही आधारऐवजी तिचा वाहन परवाना जोडला. तो लग्नाआधीचा, त्यावर माहेरचंच नाव आणि मुदतही शिल्लक होती. वर्णनाच्या चौकटीत दोन ओळी लिहिल्या: माझं खरं अकाउंट हे, 2016 पासूनचं, या खोट्या अकाउंटवरचे फोटो माझ्या अकाउंटवर अमुक तारखांना आधीच टाकलेले आहेत. खाली पोस्टच्या लिंकच्या तीन जोड्या. ओळखपत्र तेव्हा नुकतं घराच्या खिडकीशी, उजेडात, चारही कोपरे दिसतील असं टिपलेलं. दुसऱ्या दिवशी अकाउंट गेलेलं होतं.

तुमच्याकडे जुन्या नावाचं काहीच नसेल तर आधी तुमच्या खऱ्या अकाउंटवर पूर्ण नाव ओळखपत्राप्रमाणे करा, आणि वर्णनात दोन्ही नावं स्पष्ट लिहा. टोपणनावाच्या अकाउंटलाही हेच लागू.

सावधान: आधार द्यावंच लागलं तर मास्क्ड आधार द्या, ज्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. आणि "हजार रुपयांत अकाउंट उडवून देतो" असं सांगणाऱ्यांना ओळखपत्र, ओटीपी किंवा पैसे देऊ नका. तक्रारीला पैसे लागत नाहीत.

## टप्पा 5: उत्तर आलं नाही तर तक्रार निवारण अधिकारी

2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार मोठ्या कंपन्यांना भारतात राहणारा तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचा संपर्क आपल्या साइटवर जाहीर करावा लागतो. याच नियमांच्या 3(2)(ख) या तरतुदीत तोतयेगिरी आणि फेरफार केलेली चित्रं यांचा स्पष्ट उल्लेख आहे. पीडित व्यक्तीने, किंवा तिच्या वतीने कुणी, तक्रार केल्यावर कंपनीने तो मजकूर हटवायचा. नियम आले तेव्हाची मुदत 24 तासांची होती, म्हणजे त्याहून जास्त वेळ तर लागताच कामा नये.

इथे लिहिताना आपली व्यथा लांबवू नका. मी लोकांना एवढंच लिहायला सांगतो:

> माझं नाव व फोटो वापरून खालील अकाउंट चालवलं जात आहे. ही नियम 3(2)(ख) खालील तोतयेगिरीची तक्रार आहे. खोटं अकाउंट: (लिंक). माझं अकाउंट: (लिंक). फोटोंच्या जोड्या: (लिंक व तारखा). आधीच्या तक्रारीचा क्रमांक व तारीख: (…). ओळखपत्र सोबत जोडलं आहे.

नियमाचा उल्लेख आणि आधीच्या तक्रारीचा क्रमांक, या दोन गोष्टी विसरू नका. कंपनीने नकार दिला तर निर्णय कळल्यापासून 30 दिवसांत `gac.gov.in` वर तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. त्यासाठी हाच पत्रव्यवहार लागतो.

## टप्पा 6: पोलिसांकडे कधी आणि काय घेऊन जायचं

साधं खोटं अकाउंट, पैसे नाहीत, धमकी नाही, फोटो आक्षेपार्ह नाहीत, तर पहिले पाच टप्पे बहुधा पुरतात. पण पैसे मागितले, बदनामी सुरू झाली, किंवा दुसऱ्यांदा अकाउंट निघालं, तर टप्पा 4 च्या दिवशीच पोलीस तक्रारही करा. कंपनी अकाउंट काढेल, पण ते कुणी काढलं होतं हे तुम्हाला सांगणार नाही. ती माहिती पोलीसच मागवू शकतात, आणि उशीर झाला की नोंदी मिळणं अवघड होत जातं.

`cybercrime.gov.in` वर ऑनलाइन तक्रार करा आणि मिळालेला पोच क्रमांक जपा. त्याची प्रिंट घेऊन जवळच्या ठाण्यात किंवा जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात जा. गारगोटीहून किंवा गडहिंग्लजहून कोल्हापूर गाठलंच पाहिजे असं नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार हद्द कुठलीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती पोलिसांना घ्यावी लागते. माहिती तंत्रज्ञान कायद्याची 66क (ओळख चोरणं) आणि 66ड (तोतयेगिरी करून फसवणं) ही कलमं दखलपात्र आहेत. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. इंग्रजी प्रतीत हीच कलमं `66C` आणि `66D`.

मराठीत एका पानाचा अर्ज, तारखेच्या क्रमाने. सोबत स्क्रीनशॉटच्या प्रिंट, प्रत्येकीवर खाली लिंक हाताने लिहिलेली, आणि रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका. ज्या फोनवर स्क्रीनशॉट घेतले तो प्रकरण संपेपर्यंत विकू नका आणि फॉरमॅट करू नका. पुढे कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र देताना तो लागतो.

नग्न किंवा मॉर्फ केलेले फोटो असतील तर वरचा क्रम तसाच, पण सुरुवात पोर्टलच्या महिला व बालकांच्या विभागातून करा; तिथे नाव न देताही तक्रार करता येते. शिवाय `stopncii.org` वर अठरा वर्षांवरील व्यक्तीला आपल्या फोटोचा डिजिटल ठसा तयार करता येतो. फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही, फक्त ठसा जातो, आणि इन्स्टाग्राम-फेसबुकसह सहभागी कंपन्या तो जुळवून फोटो अडवतात. मुलगी अठराच्या आतली असेल तर तिचे असे फोटो कुणालाही, अगदी पुरावा म्हणूनही, पुढे पाठवू नका. लिंक आणि युजरनेम लिहून घ्या आणि थेट पोलिसांत जा.

## टप्पा 7: अकाउंट गेल्यानंतर

आता ओळखीच्यांना सांगा: अमुक युजरनेम माझं नव्हतं, त्यावरून काही आलं असेल तर चॅट जपून ठेवा आणि मला कळवा. यातून कधी कधी असा एखादा माणूस पुढे येतो, ज्याचे पैसे गेलेत पण लाजेने तो बोलला नव्हता. त्याचा व्यवहार क्रमांक पोलिसांच्या तपासाला सर्वांत जास्त उपयोगी पडतो, कारण युजरनेम खोटं असलं तरी पैसे कुठल्या तरी बँक खात्यातच जातात.

पुढचा महिनाभर आठवड्यातून एकदा आपलं नाव इन्स्टाग्रामवर शोधा, आणि हे काम तुमच्या नव्हे तर मैत्रिणीच्या फोनवरून करा, कारण नवीन अकाउंट काढणारा सगळ्यात आधी तुम्हालाच ब्लॉक करतो. दुसरं अकाउंट सापडलं तर नव्याने फॉर्म भरताना वर्णनात पहिल्या तक्रारीचा क्रमांक आणि ते अकाउंट हटवल्याची तारीख लिहा, आणि तीच माहिती ठाण्यातल्या अर्जालाही पुरवणी म्हणून जोडा.